ठपका कोणावर? ‘जात चोरली होती’ आणि समीक्षेचे शब्द

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. 250 गुणांच्या दोन पत्रिका, प्रत्येकी तीन तास, आणि उत्तरे मराठीतूनच. दुसऱ्या पत्रिकेत मुळातून वाचायच्या पुस्तकांची यादी असते आणि त्या यादीत बाबूराव बागूल यांचा 1963 सालचा कथासंग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आहे. ही परीक्षा देणाऱ्यांची सरावाची उत्तरे मी गेली काही वर्षे वाचते. लिहिणारे बरेचसे महाराष्ट्राबाहेर वाढलेले. घरात मराठी, शाळा-कॉलेजात इंग्रजी किंवा हिंदी. कथा त्यांना चांगली समजलेली असते. समीक्षेची भाषा मात्र त्यांच्याकडे इंग्रजीतून आलेली असते आणि उत्तर लिहिताना प्रत्येक संज्ञेपाशी हात अडतो. मग कोश उघडला जातो, एक शब्द सापडतो आणि तो वाक्यात बसवला जातो. वाक्य व्याकरणाने शुद्ध असते, पण कथेविषयी ते भलतेच काही बोलत असते.

सगळ्याच संज्ञा असा त्रास देत नाहीत. मराठीत ‘संज्ञाप्रवाह’ म्हणतात, हिंदीत ‘चेतना-प्रवाह’. दोन्ही रुळले आहेत आणि कोणता वापरला यावर कादंबरीचा अर्थ ठरत नाही. प्रतिमा, प्रतीक, कथानक, आशयसूत्र हे शब्दही निमूटपणे आपले काम करतात. अडचण होते ती ज्या संज्ञांच्या पोटात एक निवाडा दडलेला असतो त्यांची. घडले ते कोणामुळे घडले, कोणाचे चुकले, कोणी सोसले, याचे उत्तर हे शब्द न विचारताच देऊन टाकतात. बागुलांच्या शीर्षककथेवर लिहिताना हा धोका सर्वांत मोठा असतो, कारण त्या कथेचा सगळा प्रश्नच मुळी गुन्हा कोणाचा, हा आहे.

कथा थोडक्यात अशी. मुंबईचा एक शिकलेला दलित तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला येतो. त्याला ओळख विचारली जाते. विचारणाऱ्याला जात हवी असते. हा शहर सांगतो. बाकीचे ज्याचे त्याने गृहीत धरायचे असते आणि ते धरले जाते. त्याला राहायला जागा मिळते, मान मिळतो. त्याच ठिकाणी काशिनाथ सकपाळ नावाचा दुसरा दलित कामगार आहे. तो काहीही लपवत नाही आणि त्याची किंमत रोज मोजतो. शेवटी निवेदकाची जात उघड होते, त्याला बेदम मारहाण होते आणि काशिनाथ त्याला सोडवतो. मग दोघांत एक छोटा संवाद होतो. त्यात निवेदक मारणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव घेत नाही. मला मारले ते मनूने, अशा अर्थाचे तो बोलतो. हा शेवट लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आता एका वहीतली वाक्ये पाहू. लिहिणारी मुलगी हुशार आहे, इंग्रजी साहित्यात पदवी घेतलेली. ती लिहिते: ‘प्रस्तुत कथेत लेखकाने उपरोधाचा प्रभावी वापर केला आहे. ज्या लोकांनी निवेदकाला मान दिला, त्यांनीच त्याला मारहाण करावी, हा नियतीचा क्रूर उपरोध होय. आपली जात लपवण्याचा प्रमाद त्याला भोवतो.’ तीन वाक्ये, आणि तिन्ही इंग्रजीत मनातल्या मनात आधी लिहिलेली. तिच्या मनात पहिल्या वाक्यात आयरनी आहे, दुसऱ्यात तिचाच ‘फेट’ला जोडलेला प्रकार आहे आणि तिसऱ्यात अॅरिस्टॉटलचा हॅमार्शिया आहे. इंग्रजीत ही वाक्ये सामान्य असली तरी चालून गेली असती. मराठीत आल्यावर त्यांनी एक खटलाच चालवला आहे, आणि निकाल चुकीच्या माणसाविरुद्ध दिला आहे.

पहिला शब्द घेऊ. उपरोध हा आयरनीचा प्रतिशब्द म्हणून मराठीत सर्रास दिला जातो. पण बोलताना आपण हा शब्द कुठे वापरतो? ‘तो उपरोधाने म्हणाला’, ‘तिच्या बोलण्यात उपरोध होता’. उपरोध करायला कोणीतरी बोलणारा लागतो, त्याला टोचायचे असते, आणि ज्याला टोचायचे तो समोर असावा लागतो. इंग्रजीतल्या सार्कॅझमच्या तो जवळ जातो. आयरनीच्या अनेक रूपांपैकी हे एक रूप; त्यातही सर्वांत उघड आणि सर्वांत उथळ. उधन्याच्या कथेत जे घडते ते कोणाच्याही बोलण्यातून घडत नाही. निवेदक कोणाला टोमणा मारत नाही. तशी त्याची स्थितीच नाही. ‘लेखकाने उपरोध वापरला’ असे लिहिले की बागूल कुठेतरी कोपऱ्यात उभे राहून गालातल्या गालात हसताहेत असे चित्र उभे राहते. बागुलांचे गद्य तापलेले, एकेका वाक्यात धाप लागलेले असते, आणि त्या हसण्याला त्यात जागा नाही.

मग दुसरे शब्द तपासून पाहावेत. वक्रोक्ती म्हणावे, तर तो शब्द कुंतकाने आधीच घेऊन ठेवला आहे आणि त्याच्याकडे तो फार मोठा आहे: काव्याची सगळी काव्यात्मताच तिथे वक्रतेत आहे. गुजरातीत आयरनीसाठी वक्रोक्ती लिहिलेले मी पाहिले आहे. तिथे ते खपत असेल. मराठीत ते वाचले की अलंकारशास्त्राच्या तासाला बसल्यासारखे होते. विरोधाभास म्हणावे, तर तो पॅरडॉक्ससाठी नेमलेला आहे, आणि विरोधाभासात विरोध अखेर मिटतो, तो नुसता ‘आभास’ असतो. उधन्याचा विरोध मिटत नाही. व्याजोक्ती हा शब्द मात्र क्षणभर थांबवतो. संस्कृत अलंकारशास्त्रात काहीतरी निमित्त पुढे करून खरी गोष्ट झाकणे म्हणजे व्याजोक्ती. जात विचारल्यावर शहर सांगणे हे त्याच्या जवळपास जाते, अगदी तंतोतंत नाही, कारण शास्त्रातल्या व्याख्येत झाकायची गोष्ट आधी थोडी उघडी पडलेली असावी लागते. पण तरीही तो पात्राच्या एका उत्तराला लागू होणारा शब्द आहे, कथेच्या रचनेला नाही.

आणि विडंबना? हा शब्द या नियतकालिकाच्या वाचकांना विशेष ओळखीचा वाटेल, आणि तिथेच घोटाळा होतो. हिंदीत आयरनीसाठी विडंबना हा रुळलेला आणि खरोखर चांगला शब्द आहे. हिंदीत शिकलेला विद्यार्थी तो तसाच उचलून मराठी उत्तरात ठेवतो. मराठीत विडंबन म्हणजे पॅरडी. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’मधल्या कवितांसाठी आपण तो शब्द वापरतो. ‘बागुलांच्या कथेत जातिव्यवस्थेतील विडंबना आहे’ हे वाक्य मराठी परीक्षकाला एकतर अर्धवट वाटेल किंवा कथेत कोणाची तरी नक्कल आहे असे सुचवील. त्याच मुळातून आलेला विटंबना हा मराठी शब्द आणखी तिसरीकडे जातो: पुतळ्याची विटंबना, प्रेताची विटंबना. बंगालीत हाच शब्द ‘बिडंबना’ होऊन फजिती, त्रास, अवघड प्रसंग असा अर्थ देतो. एकाच संस्कृत धातूची चार घरे झाली आणि प्रत्येक घराची रीत वेगळी. गंमत अशी की निवेदकाच्या शेवटच्या अवस्थेला मराठी विटंबना आणि बंगाली बिडंबना दोन्ही लागू पडतात. फक्त आयरनीला पडत नाही.

दुसऱ्या वाक्यातल्या ‘नियतीच्या क्रूर उपरोधा’कडे आता यावे लागेल. आमच्या समीक्षेत हा वाक्प्रयोग फार जुना आणि फार लाडका आहे. कधी तो दैवदुर्विलास होऊन येतो. इंग्रजी ‘आयरनी ऑफ फेट’चे ते मराठी रूप, आणि एखाद्या राजपुत्राच्या नाटकावर लिहिताना ते चालूनही जाते. पण जातीच्या कथेत नियती आणली की काय होते पाहा. माणसांनी केलेली, माणसांनी पाळलेली, मारहाण करणाऱ्यांना नेमकी ठाऊक असलेली एक व्यवस्था अचानक आभाळातून पडलेली गोष्ट होते. जन्माने जात, जन्म दैवाने, म्हणून जातही दैवाने: ही जातीचीच जुनी युक्ती आहे. समीक्षकाने ती नकळत पुढे चालवायची आणि तीही ‘क्रूर’ हे सहानुभूतीचे विशेषण लावून! त्या मुलीच्या मनात तसे काहीच नव्हते. तिला फक्त इंग्रजी वाक्प्रयोगाचे मराठी हवे होते. पण कथेचा शेवटचा संवाद तिच्या या वाक्याला सरळ खोडून काढतो. निवेदक तिथे दैवाला दोष देऊ शकला असता, समोरच्या चार माणसांना देऊ शकला असता. त्याने नाव घेतले ते स्मृतिकाराचे, नियम करणाऱ्याचे. ज्या कथेच्या नायकाने आपल्या मारहाणीचा कर्ता इतक्या नेमकेपणाने सांगितला, तिच्यावरच्या निबंधात कर्ता म्हणून नियती यावी हे कसे चालेल?

म्हणून मी मुलांना एकच सोपी परीक्षा सांगते. संज्ञा वाक्यात बसवून झाली की त्या वाक्याला विचारायचे: हे कोणी केले? वाक्य जे उत्तर देईल, तेच उत्तर कथा देते का ते पाहायचे. देत नसेल तर शब्द कितीही प्रतिष्ठित कोशातला असो, तो या उत्तरात नको. आपल्याकडे कोश चांगले आहेत. राज्याच्या भाषा संचालनालयाचा साहित्य समीक्षेचा परिभाषा कोश आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेला ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ तर नुसते प्रतिशब्द न देता संकल्पना समजावून सांगतो आणि दर वेळी उपयोगी पडतो. पण कोश संज्ञेला उत्तर देतो. बागुलांच्या उधन्याला उत्तर देण्याची जबाबदारी त्याची नाही, निबंध लिहिणाऱ्याची आहे.

तिसरे वाक्य, ‘प्रमाद भोवतो’, या परीक्षेत सगळ्यात लवकर नापास होते. हॅमार्शियासाठी प्रमाद हा शब्द वाईट नाही. चूक आणि पाप यांच्या मधली जागा तो बऱ्यापैकी पकडतो. पण तो लावायला आधी ही कथा शोकांतिका आहे असे धरावे लागते आणि नायकाच्या हातून घडलेली एक गोष्ट त्याच्या नाशाला कारण झाली असेही धरावे लागते. नायकाने काय केले? जात सांगितली नाही. आणि ज्याने ती सांगितली त्या काशिनाथचे काय झाले? त्याचे तर रोजचेच हाल आहेत. सांगणाऱ्यालाही मार आणि लपवणाऱ्यालाही मार, अशी जिथे स्थिती आहे तिथे लपवणे हे नाशाचे कारण उरतच नाही. बागुलांनी काशिनाथला या कथेत ठेवला आहे तो बहुधा याचसाठी: निवेदकाच्या वागण्यात प्रमाद शोधणाऱ्या वाचकाचा रस्ता बंद करण्यासाठी. ‘प्रमाद’ हा शब्द लिहिताच काशिनाथ निबंधातून नाहीसा होतो. उरला तरी शेवटी चाकू घेऊन धावून येणारा मदतनीस एवढाच उरतो. बहुतेक वह्यांत तो तेवढाच असतो.

इथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. ठपका ठेवणारा शब्द तर खुद्द बागुलांनीच वापरला आहे, आणि तोही शीर्षकात. ‘लपवली’ नाही, ‘चोरली’. मग समीक्षकाने प्रमाद म्हटले तर बिघडले कुठे?

शीर्षकापाशी थोडे रेंगाळायला हवे, कारण माझ्या मते या कथेवरच्या निबंधाला लागणाऱ्या निम्म्या संज्ञा तिथेच, मराठीत, तयार मिळतात. मराठीत चोरणे नेहमीच दुसऱ्याचे असते असे नाही. आपण अंग चोरतो, नजर चोरतो, काम चोरतो. या सगळ्यांत माणूस स्वतःचेच काहीतरी दुसऱ्यापासून मागे घेतो, आखडून ठेवतो. जात चोरणे हा वाक्प्रयोग त्याच कुळातला. तरीही चोरीचा वास जात नाही. गर्दीत अंग चोरून उभा राहिलेला माणूस लाजल्यासारखाच दिसतो. स्वतःचेच मागे घ्यायचे आणि तरी चोर ठरायचे, हे या क्रियापदाने एका शब्दात सांगितले आहे. म्हणजे ठपका आहे, पण तो ठेवणारा समाज आहे आणि निवेदक तो शब्द समाजाच्याच तोंडचा उचलून आपल्या शीर्षकावर लावतो आहे. मघापासून ज्या आयरनीला आपण शब्द शोधतो आहोत ती या क्रियापदात पुरती वसलेली आहे. समीक्षकाचा ‘प्रमाद’ हा समीक्षकाच्या स्वतःच्या तोंडचा शब्द असतो. त्याला अवतरणचिन्हे नसतात. फरक एवढा आहे, पण तो पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट. ‘मी जात चोरली’ हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद ‘मी’चे ऐकत नाही, जातीचे ऐकते, ‘चोरली’ मधला स्त्रीलिंगी प्रत्यय जातीमुळे आला आहे. हा मराठी व्याकरणाचा नियमच आहे, लेखकाची करामत नव्हे, आणि ‘मी भाकरी खाल्ली’मध्येही तसेच होते, हे मी आधीच कबूल करते. भूतकाळातल्या प्रत्येक सकर्मक वाक्यावर असे अर्थ लादत बसलो तर समीक्षेचे हसे होईल. पण शीर्षक म्हणून हे वाक्य निवडल्यावर, आणि कथेत माणसाचे सगळे व्यवहार त्याच्या जातीबरहुकूम चालत असताना, कर्ता असूनही वाक्यावर सत्ता नसलेला हा ‘मी’ नजरेतून सुटू नये एवढेच.

शीर्षकातला ‘जेव्हा’ तर निवेदकाविषयीच्या अख्ख्या चर्चेची चावी आहे. इंग्रजीत शिकलेल्या मुलांना माहीत असते की प्रथमपुरुषी कथेत दोन ‘मी’ असतात: अनुभव घेणारा आणि नंतर तो सांगणारा. त्यासाठी मराठीत ‘अनुभवणारा मी’ आणि ‘कथन करणारा मी’ असे प्रतिशब्द येतात. एका मुलाने पहिल्यासाठी ‘भोगणारा मी’ असे लिहिले होते. शब्द दमदार आहे आणि दलित साहित्याच्या चर्चेत ‘भोगलेले’ या शब्दाला स्वतःचे वजन आले आहे. तो निव्वळ अनुभवापेक्षा जास्त सांगतो. तरीही मी तिथे पेन्सिलीने खूण केली. भोग मराठीत प्रारब्धाचे असतात. दारातून घालवलेली नियती खिडकीतून परत येते. शिवाय उधन्याला येणारा तो तरुण सुरुवातीला काही भोगत नाही. तो ऐटीत आहे, नोकरीच्या आनंदात आहे, स्वतंत्र देशाचा नागरिक म्हणून ताठ उभा आहे. त्याला पहिल्या पानापासून ‘भोगणारा’ म्हटले तर ही ऐट दिसेनाशी होते, आणि ऐट दिसली नाही तर पुढची पडझडही दिसत नाही.

मग काय म्हणावे? शीर्षकाने उत्तर देऊन ठेवले आहे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे अर्धे वाक्य आहे. ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’ हवा आणि तो शीर्षकात नाही. ती सगळी कथा म्हणजेच तो ‘तेव्हा’. आणि ‘चोरली’वर न थांबता ‘चोरली होती’ म्हटल्यामुळे सांगणारा आता त्या काळाच्या पलीकडे उभा आहे. तो आता चोरत नाही. म्हणून ‘तेव्हाचा मी’ आणि ‘आताचा मी’ एवढे साधे दोन शब्द या कथेला पुरतात. ते कोशात मिळणार नाहीत. पण परीक्षकाला ते क्षणात कळतात, आणि लिहिणाऱ्याला त्यांच्याबरोबर वाक्ये पुढे नेता येतात. तेव्हाचा मी ऐटीत शहराचे नाव सांगतो. आताचा मी ती ऐट तशीच मांडतो, त्यावर शेरा मारत नाही. तेव्हाचा मी काशिनाथपासून अंतर राखून असतो. आताच्या मीला ते अंतर किती महागात पडले ते माहीत आहे आणि तरी तो कथेत त्याची घाईने माफी मागत बसत नाही.

या भेदाचा आणखी एक उपयोग होतो. निवेदकाला ‘लेखक’ म्हणण्याची सवय मराठी उत्तरांत खोलवर रुजलेली आहे, आणि दलित लेखकाच्या कथेबाबत तर ती दुप्पट जोरात चालते, जणू दलित लेखक रचना करतच नाही, फक्त आठवतो. बागुलांनी स्वतः अंगमेहनतीच्या नोकऱ्या केल्या, त्यामुळे मोह आणखी वाढतो. ‘निवेदक’ हा शब्द इथे चांगला आहे, जरी आकाशवाणीमुळे आणि सोहळ्यांच्या व्यासपीठांमुळे तो थोडा सूत्रसंचालकासारखा वाजत असला तरी. तो वापरावाच. पण निवेदकाच्या आत पुन्हा तेव्हाचा आणि आताचा असे दोघे आहेत हे दाखवले, की रचना करणारा तिसरा माणूस, बागूल, आपोआप वेगळा दिसू लागतो. कोणता मी केव्हा बोलेल हे ठरवणारा तो.

आता आयरनीकडे परत. इतके शब्द नाकारल्यावर त्या मुलीने लिहावे काय? मी तिला सुचवले की पहिल्या मसुद्यात नामच नको. आयरनी हे इंग्रजीत नाम आहे म्हणून मराठीतही नामच सापडले पाहिजे असा काही करार झालेला नाही. काय घडते ते क्रियापदांनी सांगून पाहा. तिने दोन दिवसांनी जे आणले ते थोडे नीटनेटके करून इथे देते:

‘निवेदकाची जात वाचकाला शीर्षकापासूनच ठाऊक आहे, उधन्याच्या माणसांना ती ठाऊक नाही. त्यामुळे ती माणसे त्याला जो मान देतात तो वाचकाला मान वाटत नाही, धमकी वाटते. मान जितका वाढतो तितकी भीती वाढते. शेवटी मान देणारे हात मारू लागतात तेव्हा निवेदकात काहीच बदललेले नसते: त्याचे शिक्षण तेच, बोलणे तेच. बदललेली असते ती त्यांच्या हाती आलेली एक माहिती. मान आणि मार यांच्यात तेवढीच तफावत होती, हे तेव्हाच्या मीला माहीत होते आणि त्यावरच तो जगत होता.’

यात उपरोध नाही, विडंबना नाही, नियती नाही. ‘तफावत’ हा रोजच्या हिशेबातला शब्द आला आहे आणि तो चपखल बसला आहे, कारण हिशेबातली तफावत कोणाच्या तरी वहीत असते आणि शोधली तर सापडते. आता ‘हे कोणी केले?’ विचारले तर वाक्ये उत्तर देतात: मान देणाऱ्यांनी, त्यांच्या मान देण्याच्या पद्धतीने. तेच उत्तर शेवटच्या संवादातल्या मनूपर्यंत जाते. एवढे लिहून झाल्यावर, पुढच्या परिच्छेदात तिला एका शब्दात याचा उल्लेख करायचा असेल तर ‘ही आयरनी’ असे सरळ देवनागरीत लिहायला माझी हरकत नाही. दाखवून झालेल्या गोष्टीला नाव हवे असते आणि मराठी समीक्षेत हा शब्द परका राहिलेला नाही. हरकत आहे ती दाखवण्याऐवजी नाव लिहिण्याला. आणि एकदा नाव घेतले की तेच शेवटपर्यंत ठेवावे. एका वहीत पहिल्या पानावर उपरोध, दुसऱ्यावर विरोधाभास, तिसऱ्यावर विसंगती असे एकाच गोष्टीचे तीन अवतार होते; लिहिणाऱ्याला पुनरुक्ती टाळायची होती. समीक्षेत संज्ञेची पुनरुक्ती दोष नाही. शब्द बदलला की वाचक नवी गोष्ट शोधू लागतो आणि ती तिथे नसते.

वीस गुणांच्या प्रश्नाला इतका वेळ कुठे असतो, असे मुले म्हणतात. तीन तासांच्या पत्रिकेत शब्दांची अशी छाननी करता येत नाही हे खरे आहे. ती आधी, घरी, प्रत्येक पुस्तकापाशी एकदा करून ठेवावी लागते. बागुलांसाठी केलेली निवड गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ला लागू होणार नाही, तिथे आयरनी खरोखर बोलण्याच्या सुरात असते आणि ‘उपरोध’ हा शब्द, जपून वापरला तर, पुष्कळ ठिकाणी नीट बसतो. एकच यादी सगळ्या पुस्तकांना पाठ करून नेणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

चोरणे या क्रियापदाचा प्रश्न मात्र मराठीबाहेर पडल्याबरोबर पुन्हा उघडा होतो. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या, 1992 साली आलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या संकलनात कथेचे इंग्रजी शीर्षक ‘व्हेन आय हॅड कन्सील्ड माय कास्ट’ असे आहे. जेरी पिंटो यांच्या 2018 सालच्या अनुवादात ते ‘व्हेन आय हिड माय कास्ट’ झाले. पहिल्याने ‘होती’ सांभाळले आणि वाक्य जड केले. दुसऱ्याने वाक्य मोकळे केले आणि ‘होती’ सोडून दिले, त्याबरोबर आताचा मीही थोडा पुसट झाला. चोरी दोघांनाही नेता आली नाही. इंग्रजीत स्वतःचे काही चोरता येत नाही, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हिंदीत ‘छुपाई थी’ सहज येते आणि त्यात ‘होती’ राहते, पण नजर चुराना, जी चुराना हे प्रयोग हिंदीत असताना ‘जात चुराई थी’ का म्हणू नये, हे मला हिंदी वाचकांकडून ऐकायला आवडेल. गुजरातीतल्या वाचकांना तर हा प्रश्न अधिक जवळचा असावा. उधना त्यांच्याकडचे आहे, आणि निवेदकाला पहिल्यांदा जात विचारली गेली ती तिथेच.